हवा 40, घसरगुंडी 68: पत्रा इतका का तापतो, आणि माझी गन खोटं का बोलली

मागच्या मे महिन्यात ताई आणि चार वर्षांची भाची नागपूरला माझ्याकडे आल्या होत्या. सकाळी साडेअकराला घराजवळच्या बागेत गेलो. भाचीला घसरगुंडीवर चढायचं होतं. घसरगुंडी जीआय पत्र्याची, पोरांच्या चड्ड्यांनी घासून घासून चकाचक झालेली. माझ्या पिशवीत लॅबची इन्फ्रारेड गन होती (कोविडमध्ये दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे, तिचीच कारखान्यात वापरायची थोरली बहीण). मी ऐटीत ती पत्र्यावर रोखली. आकडा आला 36. "ताई, अंगाइतकंच गरम आहे, बसू दे," असं मी म्हटलं.

पोर बसली आणि किंचाळली. दोन्ही मांड्यांच्या मागे लाल चट्टे आले, संध्याकाळी एका जागी फोडही आला. आम्ही तिला लगेच नळाखाली धरलं, त्यामुळे पुढे वाढलं नाही. पण ताईने रात्री जे विचारलं ते अगदी बरोबर होतं: "फोनवर 40 दाखवत होतं, तुझ्या मशिनवर 36. मग पोळलं कशाने?"

उष्णता वहनावर पीएचडी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न घरात विचारला जाणं ही नामुष्कीच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी पुन्हा गेले. या वेळी थर्मोकपल घेऊन. पत्र्याच्या खालच्या बाजूला, सावलीत, ते टेपने घट्ट चिकटवलं. झाडाखाली टांगलेला साधा थर्मामीटर 40 दाखवत होता. पत्रा दहा मिनिटांत 62 ते 71 यांच्या मध्ये वरखाली झाला, बहुतेक वेळ 68 च्या आसपास. गन अजूनही छत्तिशीच्या आसपासच.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. हवा 40 असताना पत्रा 68 कसा? आणि 68 चा पत्रा गनला 36 चा कसा दिसला? गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर पत्र्याच्या एकाच गुणात आहे. तिथपर्यंत सावकाश जाऊ.

40 हा आकडा नक्की कुणाचा?

हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच. त्याच्यावर ऊन पडत नाही, हवा मात्र खेळती असते. हे सगळं मुद्दाम केलेलं असतं, कारण त्याला फक्त हवेचं तापमान मोजायचं आहे. उन्हात ठेवला तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगेल. आणि हवा स्वतः उन्हाने फारशी तापत नाही. सूर्यप्रकाश तिच्यातून बराचसा आरपार जातो, जमिनीवर पडतो, जमीन तापते आणि मग जमीन हवेला तापवते. म्हणजे "तापमान 40" हे वाक्य घसरगुंडीबद्दल काहीच बोलत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की घसरगुंडीला तिची उष्णता टाकायला जी हवा मिळाली आहे, ती 40 ची आहे.

हे नीट पकडून ठेवा. पत्रा हवेमुळे तापत नाही. उलट 40 ची हवा त्याला थंड करत असते.

हिशोब

दुपारच्या स्वच्छ उन्हात पत्र्याच्या एका चौरस मीटरवर साधारण 900 वॅट ऊर्जा पडते. तिचा किती भाग पत्रा शोषतो, त्याला शोषकता म्हणतात, चिन्ह `α`. स्वच्छ जीआय पत्र्यासाठी उष्णता वहनाच्या पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यात ती 0.65 दिलेली असते. बहुतेकांना इथे धक्का बसतो. पत्रा चमकतो, म्हणजे तो ऊन परतवून लावत असेल असं आपण धरून चालतो. पण जस्ताचा थर अर्ध्याहून जास्त ऊन पिऊन टाकतो. म्हणजे 900 पैकी 585 वॅट आत.

ही उष्णता बाहेर जायला दोन वाटा. एक, पत्र्याला लागून वाहणारी हवा. मंद वारा असेल तर दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, साधारण 10 वॅट जातात. पत्र्याच्या दोन्ही बाजू हवेला उघड्या, म्हणून 20. दुसरी वाट इन्फ्रारेड प्रारणाची. प्रत्येक गरम वस्तू इन्फ्रारेड किरण फेकत असते, पण किती फेकते ते तिच्या उत्सर्जकतेवर, म्हणजे `ε` वर ठरतं. रंग, लाकूड, दगड, कातडी यांची उत्सर्जकता 0.9 च्या आसपास असते. स्वच्छ जीआय पत्र्याची फक्त 0.13. या तापमानाला आदर्श काळी वस्तू दर अंशाला साधारण 8 वॅट फेकते, पत्रा जेमतेम 1. दोन बाजू मिळून 2.

आता पत्रा एका स्थिर तापमानाला पोचला असं धरलं, तर जेवढं आत तेवढंच बाहेर:

```
Ts = Ta + αG / H
   = 40 + (0.65 × 900) / (20 + 2)
   = 40 + 585 / 22
   ≈ 67
```

`Ts` पत्र्याचं तापमान, `Ta` हवेचं, `G` पडणारं ऊन आणि `H` बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटांची बेरीज. वहीच्या पाठकोऱ्या पानावर केलेला हिशोब आहे. आकाश हवेपेक्षा थंड असतं आणि खालची माती हवेपेक्षा गरम, ते मी दोन्ही सोडून दिलं आहे. तरी 67 येतं आणि मोजलेलं 68 च्या आसपास. एवढं जुळणं हा थोडा योगायोग आहे, कारण वाऱ्याचा 10 हा आकडा 8 ही असू शकतो आणि 12 ही. वारा पडला आणि तो 6 वर आला, तर `H` होतं 14 आणि पत्रा थेट 82 वर जायला निघतो. माझं थर्मोकपल दहा मिनिटांत नऊ अंश का नाचत होतं, ते यातून कळतं. हवेचं तापमान तेच, ऊन तेच, बदलत होती ती झुळूक.

आता हाच हिशोब दोन रंग लावून करून बघा. पांढरा ऍक्रेलिक रंग: शोषकता 0.26, उत्सर्जकता 0.9. आत येतात 234 वॅट, बाहेर जायला 20 अधिक 13, म्हणजे 33. उत्तर येतं 47. काळा रंग: आत 855, बाहेर 20 अधिक 15, म्हणजे 35. उत्तर 64 च्या थोडं वर.

परत वाचा. काळा रंग दिलेली घसरगुंडी 64, चकचकीत पत्र्याची 67. मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा आकडेमोड चुकली असं वाटून दोनदा तपासलं. काळा रंग पत्र्यापेक्षा जास्त ऊन पितो, पण तेवढ्याच उत्साहाने इन्फ्रारेडमध्ये बाहेरही टाकतो. पत्रा कमी पितो, पण त्याने एक दार जवळजवळ बंदच करून घेतलं आहे. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या शोषक पट्टीवर महागडा लेप देऊन हेच साधलेलं असतं: ऊन प्यायचं, इन्फ्रारेड सोडायचं नाही. घसरगुंडी त्या लेपाचा गावठी, फुकटचा अवतार आहे, नको त्या जागी बसवलेला.

गन खोटं का बोलली

तीच 0.13 आता दुसऱ्या बाजूने बघा. गन तापमान मोजत नाही, समोरून येणारे इन्फ्रारेड किरण मोजते. आणि ही वस्तू 0.95 उत्सर्जकतेची आहे असं धरून त्याचं तापमान काढते. स्वस्त गनमध्ये हा आकडा बदलताही येत नाही. पत्र्याकडून गनमध्ये जे किरण आले, त्यांत पत्र्याने स्वतः फेकलेले म्हणजे 68 ला शोभतील त्यातले फक्त 13 टक्के. बाकीचा भाग परावर्तित, म्हणजे आरशातलं दृश्य. इन्फ्रारेडमध्ये ती घसरगुंडी आरसाच होती आणि मी त्या आरशात माझा ड्रेस, माझा हात, डोक्यावरचं झाड आणि थोडं आकाश यांचं तापमान मोजत होते. माझ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचं तापमान 36 आलं, यात गनचा काही दोष नाही.

हे ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी मी गन तशीच धरून फक्त मनगट वळवलं, म्हणजे परावर्तनात माझ्याऐवजी मोकळं आकाश येईल असं. आकडा 36 वरून 19 वर आला. उन्हात तापलेला पत्रा मनगट वळवल्याने सतरा अंश थंड होत नाही. कोन बदलल्यावर आकडा पळत असेल, तर तुम्ही वस्तू नाही, आरसा मोजताय. ही तपासणी फुकट आहे आणि कुठल्याही धातूवर चालते. मी ती आदल्या दिवशी केली असती तर पोर पोळली नसती.

उपाय जुना आहे. पत्र्यावर इलेक्ट्रिकल टेपचा दोन सेंटीमीटरचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, गन टेपवर रोखा. टेपची उत्सर्जकता 0.95 च्या जवळ असते आणि ती पातळ असल्याने पत्र्याचंच तापमान घेते. माझ्या टेपवर 67 आला, त्याच क्षणी थर्मोकपल 67.5.

इथे जागरूक वाचकाला शंका यायला हवी: काळी टेप स्वतःच जास्त ऊन पिऊन गरम होत नाही का? होते. म्हणून हिशोब करायचा. टेप पत्र्यापेक्षा चौरस मीटरला साधारण 300 वॅट जास्त शोषते, पण खालचा पत्रा ती उष्णता लगेच आजूबाजूला पसरवतो. एवढ्याशा तुकड्यासाठी फरक एक अंशापेक्षा कमी येतो. हीच टेप लाकडावर किंवा रबरावर लावली तर खाली पसरवणारं कुणी नाही, तिथे ती चूक मोठी होईल. तिथे टेपची गरजही नसते म्हणा. आणि शंका पूर्ण मिटवायची असेल तर पांढरी टेप लावा. डोळ्याला पांढरी दिसणारी टेप इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळीच असते. डोळ्याला दिसणारा रंग आणि इन्फ्रारेडमधला "रंग" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा हाताला पटलं की प्रारणाचा निम्मा धडा संपतो.

थर्मोकपल मी खालच्या बाजूला का लावलं, हेही सांगते. वरून लावलं असतं तर त्याच्या टोकावर थेट ऊन पडलं असतं आणि त्याने निम्मं स्वतःचंच सांगितलं असतं. पत्रा दीड मिलिमीटर जाड, वरच्या आणि खालच्या बाजूच्या तापमानात अंशाचा शंभरावा भागही फरक नसतो. मग उगाच उन्हात कशाला मोजायचं?

68 चं लाकूड का पोळत नाही

शेजारी लाकडी बाकडं होतं, उन्हातच. गन तिथे खरं सांगते, लाकडाची उत्सर्जकता चांगली आहे: 61. त्यावर एक आजोबा धोतर सावरून निवांत बसले होते. 61 आणि 68 मध्ये एवढा फरक?

कातडी पोळते ती वस्तूच्या तापमानाने नाही, तर वस्तू आणि कातडी जिथे टेकतात त्या सांध्याच्या तापमानाने. दोन जाड वस्तू एकमेकींना टेकल्या, तर सांध्याचं तापमान लगेच दोघांच्या मध्ये कुठेतरी ठरतं आणि कुणाच्या बाजूला झुकेल ते दोघांच्या एफ्युसिव्हिटीवर, म्हणजे आपली उष्णता झटकन पुढे करण्याच्या ताकदीवर अवलंबून असतं:

```
Tc = (e1·T1 + e2·T2) / (e1 + e2)
```

कातडीचा `e` साधारण 1200, स्टीलचा 13000, बेसॉल्टसारख्या दगडाचा 2200, लाकडाचा 400 (एकक सगळ्यांना तेच, म्हणून इथे लिहीत नाही). कातडी 33 अंशांवर धरली तर पत्र्याचा सांधा येतो 65 च्या आसपास. 61 च्या लाकडाचा सांधा येतो 40. आजोबांच्या निवांतपणाचं कारण हे.

सांध्याचं तापमान किती वाईट, याचं मोजमाप मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलं. कातडीचा पृष्ठभाग 44 ला ठेवला तर इजा व्हायला साधारण सहा तास लागतात, 60 ला काही सेकंदच पुरतात. 44 ते 60 हे अंतर छोटं वाटतं, पण वेळ तासांवरून सेकंदांवर येते. त्यामुळे पाच अंशांची चूक हवामानाच्या अंदाजात चालते, घसरगुंडीत नाही. लहान मुलांची कातडी पातळ असते, तेव्हा त्यांच्यासाठी वेळ आणखी कमी.

सूत्रातली एक पळवाट सांगायला हवी. ते जाड वस्तूंसाठी आहे. दीड मिलिमीटर पत्र्याजवळ उष्णतेचा साठा फार नसतो, सेकंदभर मांडी टेकली की त्या जागचा पत्रा सात-आठ अंश उतरतो. पण घसरणाऱ्या मुलाला याचा उपयोग नाही, कारण ते दर क्षणी नव्या, न उतरलेल्या पत्र्यावर जात असतं.

स्टिअरिंग आणि फरशी

वरचं समीकरण हातात असलं की बाकीच्या दोन गोष्टी लवकर सुटतात. बंद गाडीत वारा नाही, म्हणजे `H` मधला मोठा आकडा गेला. शिवाय `Ta` आता बाहेरची हवा नाही, काचेआड कोंडलेली आतली हवा आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, बाहेर 38 च्या वर असताना उन्हात तासभर ठेवलेल्या गाड्यांमध्ये आतली हवा सरासरी 47, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड 69 निघाला. डॅशबोर्ड वर कारण तो तिरप्या काचेखाली आडवा पसरलेला, थेट ऊन खाणारा आणि खालून थंड व्हायला जागा नसलेला. काच किंचित खाली ठेवून फारसं का बदलत नाही, ते तुम्ही आता स्वतः सांगू शकाल. ऊन थांबवणारा पुठ्ठा काचेला लावणं म्हणजे `G` लाच हात घालणं, म्हणून ते जास्त चालतं.

देवळाच्या अंगणातली काळ्या दगडाची फरशी मात्र वेगळ्या जातीची. तिचा `e` पत्र्यापेक्षा खूप कमी, म्हणून 62 च्या फरशीचा तळपायाशी सांधा 52 च्या आसपास येतो. पहिल्या पावलाला कुणी किंचाळत नाही. पण प्रदक्षिणा म्हणजे मिनिटभर तरी चालणं, आणि 52 ला मिनिट पुरेसं असतं. दुसरं, तिचा साठा मोठा. दिवसभराची उष्णता दगडात पंधरा-सोळा सेंटीमीटर खोलपर्यंत जाणवण्याइतकी उतरते, म्हणून ऊन गेल्यावरही फरशी तासन् तास चटके देते. पत्र्याचं उलट. त्याचा साठा भागिले `H` केलं की सव्वाचार मिनिटं येतात, म्हणजे सावली केल्यावर दहा मिनिटांत वरच्या 27 अंशांपैकी जवळपास 24 उतरलेले असतात.

हे शेवटचं मी चादर धरून तपासणार होते, पण बागेच्या माळीकाकांनी आधीच सोय केली होती. आदल्या दिवशीचं रडणं त्यांनी ऐकलं होतं. मी टेप काढत असताना ते ओलं गोणपाट घेऊन आले, पत्र्यावर वरपासून खालपर्यंत पसरलं आणि म्हणाले, "मॅडम, चार वाजेपर्यंत हे काढायचं नाही." दहा मिनिटांनी गोणपाट उचलून मी पत्र्याला हात लावला, आणि तसाच ठेवू शकले.